रिस्ट्रेटो, नॉर्माले आणि लुंगो: शॉट कुठे थांबवायचा आणि दळण का बदलायचं

प्रश्न: घरी एस्प्रेसो मशीन आणि वेगळा ग्राइंडर घेतलाय. दळण एकच ठेवून शॉट लवकर थांबवला की रिस्ट्रेटो आणि जास्त वेळ चालू दिला की लुंगो, असं समजून करतोय. रिस्ट्रेटो आंबट लागतो, लुंगो पातळ आणि तुरट. मधला नॉर्माले मात्र बरा येतो. तिघांत फरक फक्त पाण्याचाच ना? मग चव एवढी का बिघडते?

फरक पाण्याचाच आहे, पण हे पाणी एकाच वेळी दोन कामं करतं आणि त्यांचे परिणाम उलट दिशांना जातात. कॉफीतून जितकं जास्त पाणी जाईल तितके जास्त घटक विरघळून बाहेर येतात, आणि त्याच वेळी कप तितका पातळ होत जातो. म्हणजे रिस्ट्रेटो सर्वांत दाट असतो, पण त्यात कॉफीतला माल सर्वांत कमी उतरलेला असतो. लुंगो सर्वांत पातळ, आणि माल सर्वांत जास्त उतरलेला. तुमचा नॉर्माले बरा लागतो, कारण तुमचं दळण नॉर्मालेला जुळलेलं आहे. तेच दळण ठेवून आधी थांबलात तर माल पुरेसा उतरण्याआधीच नळ बंद होतो, आणि पुढे चालू ठेवलंत तर जे नको तेही कपात येतं.

आधी मापाचं बोलू, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. रिस्ट्रेटो, नॉर्माले आणि लुंगो हे मिलिलिटरमध्ये मोजू नका. कपातल्या द्रवाचं वजन कोरड्या कॉफीच्या वजनाच्या किती पट आहे, ते बघा. रिस्ट्रेटो साधारण एकास एक ते एकास दीड, नॉर्माले एकास दोनच्या आसपास, लुंगो एकास तीन किंवा थोडा पुढे. बास्केटमध्ये १८ ग्रॅम कॉफी असेल तर कपात २४ ग्रॅम म्हणजे रिस्ट्रेटो, ३६ ग्रॅम म्हणजे नॉर्माले, ६० ग्रॅम म्हणजे लुंगो. या सीमारेषा कुणी कायद्याने आखलेल्या नाहीत. २८ ग्रॅमला कुणी रिस्ट्रेटो म्हणेल, कुणी आखूड नॉर्माले म्हणेल, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण पुढचं सगळं मी या तीन आकड्यांवर सांगते, म्हणजे एक धागा राहील.

इटलीच्या बारमध्ये मूळ माप लहान आहे. तिथल्या एस्प्रेसो संस्थेने, म्हणजे १९९८ साली स्थापन झालेल्या इस्तितुतो नात्सिओनाले एस्प्रेसो इटालियानोने, एका कपाला सुमारे ७ ग्रॅम कॉफी, ९ बारच्या आसपास दाब, सुमारे २५ सेकंद आणि क्रेमा, म्हणजे वरचा फेस, धरून २५ मिली असं प्रमाण ठरवलं. तो नॉर्माले. बारमध्ये 'रिस्ट्रेटो' मागितला की बारिस्ता तीच कॉफी त्याहून आधी थांबवतो आणि 'लुंगो' मागितला की थोडी पुढे जाऊ देतो. गर्दीत तो प्रत्येक गिऱ्हाइकासाठी ग्राइंडर फिरवत बसत नाही. तिथे हे चालून जातं, कारण त्यांच्या लुंगोत पाणी जेमतेम दीडपट असतं, कॉफी गडद भाजलेली असते आणि मिश्रणात बऱ्याचदा रोबस्टा जातीचा दाणा असतो. घरी तुम्ही बहुधा मध्यम भाजलेला चिकमगळूरचा अरेबिका घेऊन थेट एकास तीनच्या पुढे जाताय. तिथे ती सवय पुरत नाही.

मिलिलिटरवर विसंबू नका म्हणण्याचं कारण क्रेमा. भाजलेल्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो, आणि तो दाबाखाली द्रवात मिसळून कपात फेस होऊन येतो. आठवडाभरापूर्वी भाजलेल्या कॉफीचा शॉट रेषा असलेल्या काचेच्या ग्लासात बघा. अर्ध्याच्या वरपर्यंत फेस दिसेल आणि तो बसेपर्यंत पातळी सरळ खाली येईल. दोन महिने उघड्या पाकिटात पडलेल्या कॉफीला फेस जेमतेम असतो. ग्लासावरच्या एकाच रेषेपर्यंत दोन्ही भरल्या तर दुसऱ्या ग्लासात खरं पाणी कितीतरी जास्त असतं. तुम्हाला वाटतं दोन्ही वेळा नॉर्माले केला, प्रत्यक्षात एकदा रिस्ट्रेटो झाला आणि एकदा लुंगो. रोबस्टा असलेल्या मिश्रणाला फेस आणखी जास्त येतो. म्हणून कपाखाली छोटा वजनकाटा ठेवा. ०.१ ग्रॅम दाखवणारा आणि ठिबक ट्रेवर मावणारा एवढं पुरे.

मशीनवरच्या बटणांबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या मशीनमध्ये पाणी मोजणारा मीटर असतो, तो कॉफीत किती पाणी शिरलं ते मोजतो. कपात किती पडलं ते त्याला माहीत नसतं. काही स्वस्त मशीनं तर तेही मोजत नाहीत, नुसता वेळ धरून चालतात. कोरडी कॉफी साधारण स्वतःच्या वजनाइतकं पाणी धरून ठेवते. शॉट झाल्यावर बास्केटमधला चोथा ठोकून काट्यावर टाका, १८ ग्रॅमचा चोथा ३६ ते ४० ग्रॅमच्या घरात भरतो. शिवाय शॉट थांबला की वरचं उरलेलं पाणी बऱ्याच मशीनांत झडपेतून ट्रेमध्ये जातं. म्हणजे २४ ग्रॅमच्या रिस्ट्रेटोसाठी चाळीस ग्रॅमच्या वर पाणी खर्च होतं आणि त्यातलं निम्म्याच्या आसपासच कपात येतं. रिस्ट्रेटो बटणावर सोडला तर का चुकतो ते यावरून कळेल. नॉर्मालेत चार ग्रॅमचा फरक पडला तर जीभ सोडून देते, पण रिस्ट्रेटोत त्याच चार ग्रॅमने कप बदलतो. तिथे डोळे काट्यावर ठेवून हातानेच थांबवा. काटा २४ दाखवेपर्यंत वाट बघू नका, २१-२२ ला बंद करा. नळीत आणि तोटीत उरलेले थेंब बाकीचं वजन भरतात.

आता मूळ मुद्दा, कुठल्या पाण्यात काय येतं. हे वाचून कळण्यापेक्षा चाखून चटकन कळतं, म्हणून एक शॉट खर्च करा. सलामी सॉसेजच्या चकत्यांसारखे शॉटचे तुकडे पडतात, म्हणून बारिस्ता मंडळी याला सलामी शॉट म्हणतात. पाच छोट्या वाट्या घ्या, १८ ग्रॅमचा तुमचा नेहमीचा शॉट लावा आणि दर १२ ग्रॅमला वाटी बदला. पाचव्या वाटीपर्यंत ६० ग्रॅम होतात. वाट्या बदलताना काटा सांभाळणं अवघड जातं, दुसरं कुणी मदतीला असेल तर बरं. मग थोडं कोमट होऊ द्या आणि प्रत्येक वाटीतलं चमचाभर चाखा, मध्ये पाण्याने तोंड साफ करून.

पहिली वाटी गडद, पाकासारखी दाट. लोकांना वाटतं हीच कॉफीची सर्वांत चांगली धार असणार. चाखल्यावर चेहरा आखडतो. जबरदस्त आंबट, त्यात खारटपणा, आणि सगळं इतकं एकवटलेलं की वेगळा असा स्वाद ओळखू येत नाही. दुसऱ्या वाटीत आंबटपणा खाली येतो आणि गोडवा वर येतो, फळाचा किंवा कॅरमेलचा जो काही स्वाद त्या कॉफीत असेल तो इथे स्पष्ट होतो. तिसरी बरीच पातळ, गोडसर कडवट, कोकोकडे झुकणारी. चौथी चहाच्या रंगाची, सौम्य कडवट. पाचवी फिकट पिवळसर, आणि इथे बहुतेकांना आश्चर्य वाटतं, कारण ती भयंकर कडू नसतेच. ती पाणचट असते, लाकडासारखी लागते आणि गिळल्यावर जीभ कोरडी पाडते. तुमच्या लुंगोतला तुरटपणा या वाटीतून येतो.

कारण साधं आहे. कॉफीतले घटक एकामागून एक रांगेने येत नाहीत, सगळेच पहिल्या क्षणापासून विरघळायला लागतात, पण वेग वेगळा. आम्लं, क्षार आणि फळांसारखा वास देणारे हलके घटक चटकन सुटतात. गोडवा आणि दाटपणा देणारे त्यांच्या मागोमाग येतात. कडवट आणि तुरट असे जड घटक हळू सुटतात आणि शेवटपर्यंत थोडे थोडे येत राहतात. शेवटी बाकीचं संपलेलं असतं, म्हणून तेवढेच जाणवतात. रसवंतीत ऊस चरकातून पहिल्यांदा काढला की येणारा रस आणि तिसऱ्यांदा पिळून काढलेला रस यांत जो फरक, तसाच काहीसा हा.

हेच आकड्यांत बघू. एक नेहमी दिसणारं उदाहरण घेते. दळण एकच, १८ ग्रॅम कॉफी. २४ ग्रॅमला थांबलात तर कपात विरघळलेला माल साधारण ३ ग्रॅम असतो. ३६ ग्रॅमला तो ३.५ ग्रॅम होतो. ६० ग्रॅमला ४ ग्रॅम. तुमच्या कॉफीत हे थोडे इकडेतिकडे होतील, पण चढाचा आकार हाच राहतो. आता याचे दोन हिशेब करा. कपाचा दाटपणा म्हणजे कपातल्या द्रवात माल किती टक्के, तो रिस्ट्रेटोत साडेबारा टक्के, नॉर्मालेत पावणेदहाच्या आसपास आणि लुंगोत पावणेसात. एक्स्ट्रॅक्शन म्हणजे कोरड्या कॉफीपैकी किती टक्के माल उतरला. ते रिस्ट्रेटोत १७ च्या जरासं खाली, नॉर्मालेत १९ च्या वर, लुंगोत २२. पाणी वाढलं की एक आकडा घसरतो आणि दुसरा चढतो.

या आकड्यांत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. पहिल्या २४ ग्रॅम द्रवाने ३ ग्रॅम माल आणला. पुढच्या १२ ग्रॅमने अर्धा ग्रॅम. त्यापुढच्या तब्बल २४ ग्रॅमनेही अर्धाच ग्रॅम. लुंगोची ही शेवटची धार जेमतेम दोन टक्के दाट असते, म्हणजे फिल्टर कॉफीपेक्षा किंचित जास्त. लुंगोतला तीन चतुर्थांश माल रिस्ट्रेटोच्या टप्प्यातच येऊन गेलेला असतो. उरलेलं पाणी त्याला पसरवतं आणि त्यात शेवटच्या वाटीची चव मिसळतं.

इथे तुमच्या प्रश्नाचं उत्तर जिभेवर मिळण्यासारखा दुसरा प्रयोग आहे. एक लुंगो करा, ६० ग्रॅमचा. दुसरा शॉट २४ ग्रॅमला थांबवा आणि त्यात २१ ग्रॅम गरम पाणी वरून घाला. हिशेब बघा, ३ ग्रॅम माल आता ४५ ग्रॅम द्रवात आहे आणि ४ ग्रॅम माल ६० ग्रॅम द्रवात. दोन्हींचा दाटपणा अगदी सारखा. फरक उरतो तो फक्त पाणी कॉफीतून गेलं की वरून पडलं याचा. शेजारी शेजारी चाखा. पाणी घातलेला रिस्ट्रेटो स्वच्छ, उजळ, जरासा आंबट लागेल. लुंगो जास्त भरलेला, कडवट, आणि शेवटाला कोरडा. म्हणून एस्प्रेसोत वेगळं गरम पाणी मिसळून होणारे अमेरिकानो किंवा लाँग ब्लॅक आणि लुंगो ही एकच गोष्ट नव्हे, मापाला सारखी दिसली तरी. आणि हाच रिस्ट्रेटो पाणी घातल्यावर एकदम खुलला असं वाटलं, तर समजा की एक्स्ट्रॅक्शन ठीक होतं, दाटपणामुळेच स्वाद एकमेकांत गुंतले होते. पाणी घालूनही आंबटच राहिला, तर माल कमी उतरलाय. दळणाकडे वळायचं ते त्यानंतर.

तुमच्या तक्रारीतला रिस्ट्रेटो दुसऱ्या प्रकारचा आहे असं मी धरून चालते. तुमचं दळण असं आहे की ३६ ग्रॅम यायला समजा २८ सेकंद लागतात. त्याच दळणावर २४ ग्रॅम वीस सेकंदांच्या आसपास येतात, आणि त्यातले पहिले सहा-आठ सेकंद कॉफी नुसती भिजण्यात जातात. पाणीही कमी आणि संपर्काचा वेळही कमी. उपाय म्हणजे दळण एक पायरी बारीक करून २४ ग्रॅमला पुन्हा २६ ते ३० सेकंद लागतील असं बघणं. बारीक कणांचा पृष्ठभाग जास्त, पाण्याला अडथळाही जास्त, त्यामुळे थोड्या पाण्यातही माल जास्त उतरतो. अशा रिस्ट्रेटोत एक्स्ट्रॅक्शन १८ च्या वर नेता येतं आणि आंबटपणाच्या मागे गोडवा उभा राहतो. १८ ते २२ टक्के हा पट्टा मुळात फिल्टर कॉफीवरून आलेला आहे, त्याला चिकटून राहायची सक्ती नाही, पण १७ च्या खाली गेलेला शॉट मध्यम किंवा हलक्या भाजणीत सहसा कच्चा लागतो.

ग्राइंडरची पायरी बदलल्यावर आतल्या नळीत आधीच्या दळणाची कॉफी अडकलेली असते. तीन-चार ग्रॅम दळून टाकून द्या आणि मग डोस घ्या. नाहीतर बदल केला आणि काहीच फरक पडला नाही असं वाटतं, तुम्ही आणखी बारीक करता, आणि त्यापुढचा शॉट पार तुंबतो.

बारीक करण्यालाही मर्यादा आहे. दळण फार बारीक झालं की पाण्याला सारखं झिरपता येत नाही, ते एखादी कमकुवत जागा शोधतं आणि तिथूनच वाट काढतं. याला चॅनलिंग म्हणतात. त्या वाटेवरच्या कॉफीतून गरजेपेक्षा जास्त माल निघतो आणि बाकीची जवळजवळ कोरी राहते. परिणाम असा की एकाच घोटात आंबट आणि तुरट दोन्ही लागतं, आणि माणूस चक्रावतो की आता बारीक करू की जाड. ओळखायची खूण डोळ्यांसमोर असते. धार बराच वेळ थेंब थेंब पडते आणि मग अचानक एका बाजूने फिकट होऊन धावते. बास्केट धरणारा दांडा, म्हणजे पोर्टाफिल्टर, खालून उघडा असेल तर बारीक पिचकारी कपड्यावर येते. शॉटनंतर चोथ्यात छोटं भोक दिसतं. असं झालं तर दळण अर्धी पायरी मागे घ्या, आणि बास्केटमधली कॉफी बारीक तारेने हलवून गाठी मोडून, सपाट करून मगच दाबा. रिस्ट्रेटो या बाबतीत सर्वांत कमी माफ करतो. एकास एकच्या हट्टाने दळण पिठासारखं करण्यापेक्षा एकास दीडला थांबलेलं मला जास्त पटतं, घरच्या ग्राइंडरवर तर नक्कीच.

लुंगोला उलटं करायचं. तुमच्या सध्याच्या दळणावर ६० ग्रॅम यायला चाळीस-बेचाळीस सेकंद जात असतील. वेळ वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, कारण माल निघून गेला की अडथळा कमी होतो आणि धार वेगाने पडायला लागते. लुंगोसाठी दळण एक-दोन पायऱ्या जाड करा, म्हणजे ६० ग्रॅम ३० ते ३५ सेकंदांत येतील. सुरुवातीची धार जास्त वेगाने पडेल आणि पारंपरिक एस्प्रेसोची सवय असलेल्याला ती चुकल्यासारखी दिसेल. दिसू द्या. जाड कणांतून माल सावकाश निघतो, त्यामुळे साठाव्या ग्रॅमपर्यंत चोथा पूर्ण रिकामा झालेला नसतो आणि शेवटच्या धारेतही थोडा गोडवा असतो. क्रेमा पातळ आणि फिकट येईल, त्याची काळजी नको.

तरीही तुरट लागला तर आणखी जाड करण्याआधी ५० ग्रॅमला थांबून बघा. मध्यम आणि गडद भाजणीच्या कॉफीत एकास तीनच्या अलीकडेच चव संपते आणि पुढे ओढण्यात काही हाती लागत नाही. धार फिकट पिवळी झाली की थांबायचं हा जुना नियम इथे अर्धाच उपयोगी आहे. रंग दाटपणा सांगतो, आणि हलक्या भाजणीची कॉफी मुळातच फिकट दिसते. रंग बघा, पण निर्णय जिभेवर सोडा.

कुठल्या कॉफीला काय शोभतं हे भाजणीवर ठरतं आणि माझा स्पष्ट कल सांगते. गडद भाजलेला दाणा ठिसूळ आणि सच्छिद्र असतो, त्यातून माल पटकन सुटतो, आणि शेवटी जे उरतं ते जळकट कडू असतं. त्याला रिस्ट्रेटो करा. मॉन्सूनड मलबारसारख्या कॉफीत आंबटपणा जवळजवळ नसतो आणि दाटपणा भरपूर. इटलीतले मिश्रण करणारे तिला याच गुणासाठी घेतात, आणि तिचा रिस्ट्रेटो चॉकलेटसारखा जाड आणि गोड येतो. तिचा लुंगो मी कुणाला देणार नाही, तो ओल्या पुठ्ठ्यासारखा लागतो. याउलट हलका भाजलेला, धुतलेला अरेबिका टणक असतो. त्यातून माल सहज निघत नाही आणि आम्लं भरपूर असतात. त्याचा रिस्ट्रेटो म्हणजे लिंबू चोखल्यासारखा अनुभव. तोच एकास अडीच किंवा एकास तीनला नेला की आंबटपणा पसरून फळासारखा होतो आणि मागून गोडवा येतो. म्हणजे तुमच्या रिस्ट्रेटोची अडचण निम्मी दळणात आणि निम्मी पाकिटात असू शकते. पाकिटावर हलकी भाजणी लिहिली असेल तर रिस्ट्रेटोचा नाद त्या पाकिटापुरता सोडा. आणि चिकोरी मिसळलेली दक्षिणी फिल्टर कॉफी पावडर या मशीनमध्ये घालूच नका. ती फुगते आणि बास्केट तुंबवते, तिथे कुठलंच प्रमाण लागू पडत नाही.

रिस्ट्रेटोत कॅफिन जास्त असतं हा समज सगळीकडे ऐकू येतो. कॅफिन गरम पाण्यात चटकन विरघळतं आणि त्याचा मोठा भाग सुरुवातीच्याच धारेत येतो, पण उरलेलं पुढच्या पाण्यातूनही येत राहतं. त्यामुळे तेवढ्याच कॉफीच्या रिस्ट्रेटोत एकूण कॅफिन लुंगोपेक्षा थोडं कमीच असतं. घोटाला घोट मोजला तर मात्र रिस्ट्रेटो खूप पुढे. रात्री जेवणानंतर लुंगो पातळ म्हणून निर्धास्तपणे पिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दुधाचा विचार करत असाल तर हिशेब आणखी सोपा होतो. दुधात आंबटपणा झाकला जातो आणि दाटपणाच उपयोगी पडतो. १२० ग्रॅम दुधात २४ ग्रॅमचा रिस्ट्रेटो घातला तर कॉफी ठाशीव राहते आणि गोड लागते. बरेच बारिस्ता फ्लॅट व्हाइटसाठी दुहेरी रिस्ट्रेटो वापरतात ते याच कारणाने. ६० ग्रॅमचा लुंगो घातला तर त्याच दुधात तुम्ही ३५ ग्रॅम जास्तीचं पाणी ओतलं, आणि बदल्यात मिळाला एक ग्रॅम माल, तोही बराचसा तुरट. लुंगो काळाच प्यावा.

तुमच्या बास्केटला खालून एकच बारीक छिद्र असेल, म्हणजे ते दुहेरी तळाचं असेल, तर वरचं दळणाचं गणित बरंचसं गैरलागू होतं. तिथे पाण्याला अडवण्याचं काम मुख्यतः ते छिद्र करतं आणि फेसही त्यातूनच तयार होतो. बारीक-जाड केल्याने वेळ फारसा हलत नाही. अनेक छिद्रांचं साधं बास्केट त्याच मापाचं वेगळं मिळतं, ते आधी घ्या. कॅप्सूल मशीनच्या बटणांशीही तुलना करू नका. नेस्प्रेसोच्या मूळ मालिकेत रिस्ट्रेटो २५, एस्प्रेसो ४० आणि लुंगो ११० मिली असतो, आणि कॅप्सूलमध्ये कॉफी पाच-सहा ग्रॅम. तो लुंगो एकास वीसच्या घरात जातो. तुमच्या १८ ग्रॅमला ते प्रमाण लावलं तर साडेतीनशे ग्रॅम पाणी ओढावं लागेल.

सुरुवात अशी करा. नॉर्मालेचं दळण जिथे आहे तिथे ग्राइंडरवर पेन्सिलने खूण करा. तिथून एक पायरी बारीक, २४ ग्रॅम, २६ ते ३० सेकंद. मग खुणेपासून दोन पायऱ्या जाड, ५० ते ६० ग्रॅम, ३० ते ३५ सेकंद. डोस तिन्ही वेळा १८ ग्रॅमच ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदला. कप गरम पाण्याने धुऊन घ्या, कारण २४ ग्रॅम द्रव थंड चिनी मातीत पडला की घोट घेईपर्यंत निवतो आणि निवलेला रिस्ट्रेटो आहे त्याहून आंबट लागतो. यानंतरही रिस्ट्रेटो आंबट येत असेल तर पाकिटावरची भाजणी, भाजल्याची तारीख आणि शॉटला लागलेले सेकंद लिहून कळवा, त्यावरून पुढचं सांगता येईल.